तुरगपदबंध आणि वार्न्सडॉर्फचा ठोकताळा

नवव्या शतकातील काश्मीरी आलंकारिक रुद्रट याने आपल्या ‘काव्यालंकार’ ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात चित्रकाव्याचे जे प्रकार सोदाहरण दिले आहेत, त्यांत ‘तुरगपद’ नावाचा एक बंध आहे. आठ-आठ अक्षरांचे चार चरण एकाखाली एक लिहिले म्हणजे बत्तीस घरांचा एक पट तयार होतो. हा पट म्हणजे बुद्धिबळाच्या पटाचा वरचा अर्धा भाग होय. आता पहिल्या घरावर घोडा ठेवावा आणि तो अडीच घरांच्या चालीने असा फिरवावा की प्रत्येक घरी तो एकदाच जाईल व एकही घर वगळले जाणार नाही. घोड्याच्या पावलांखाली जी अक्षरे क्रमाने येतात ती वाचीत गेल्यास पुन्हा तोच श्लोक निघतो. सरळ वाचा अथवा घोड्याच्या चालीने वाचा, श्लोक एकच.

मम्मटाने चित्रकाव्याला काव्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसविले आणि आपल्या साहित्यविचाराने तो निवाडा बहुतांशी मान्य केला. मोरोपंतांचे ‘निरोष्ठ रामायण’ आपण कौतुकाने सांगतो, पण त्याची थोरवी काव्य म्हणून गातो असे नव्हे. प्रस्तुत लेखात हा वाद उकरण्याचा हेतू नाही. रुद्रटाचा पट हा एका गणिती प्रश्नाचा अत्यंत सोयीचा, हातात मावेल एवढा नमुना आहे, आणि त्या प्रश्नावरचा एक सुप्रसिद्ध ठोकताळा कोठे चालतो व कोठे अडखळतो हे या पटावर जितके स्वच्छ दिसते तितके पूर्ण चौसष्ट घरांच्या पटावर दिसत नाही. वाचकाने कागद-पेन्सिल जवळ घ्यावी, एवढीच विनंती.

प्रथम घरांना क्रमांक देऊ. श्लोकातील अक्षरांच्या क्रमानेच ते दिले आहेत.

१   २   ३   ४   ५   ६   ७   ८
९   १०   ११   १२   १३   १४   १५   १६
१७   १८   १९   २०   २१   २२   २३   २४
२५   २६   २७   २८   २९   ३०   ३१   ३२

याच पटावर रुद्रटाचा घोडा कोणत्या घरी कितव्या पावलाला पोचतो ते पुढे दाखविले आहे. (घोड्याचे पहिले स्थान हेच पहिले पाऊल धरले आहे.)

१   ३०   ९   २०   ३   २४   ११   २६
१६   १९   २   २९   १०   २७   ४   २३
३१   ८   १७   १४   २१   ६   २५   १२
१८   १५   ३२   ७   २८   १३   २२   ५

दोन्ही पट शेजारी ठेवले की श्लोकाची अट किती कडक आहे ते कळते. दुसऱ्या घरी घोडा तिसाव्या पावलाला येतो. तेव्हा दोन्ही वाचनांत श्लोक एकच राहावयाचा तर दुसऱ्या घरातील अक्षर आणि तिसाव्या घरातील अक्षर एकच असले पाहिजे. तिसाव्या घरी तो तेराव्या पावलाला येतो, म्हणून तेराव्या घरातही तेच अक्षर हवे. तेथून दहावे, एकोणिसावे, सतरावे, अशी ही साखळी पंधरा घरांतून फिरून पुन्हा दुसऱ्या घराशी मिळते. तिसऱ्या घरापासून निघालेली साखळीही अशीच पंधरा घरांची आहे. उरतात दोन घरे, पहिले आणि एकविसावे. ती प्रत्येकी स्वतःशीच बांधलेली आहेत. म्हणजे या मार्गावर कवीला जास्तीत जास्त चार भिन्न अक्षरे वापरता येतात, आणि त्यांपैकी दोन तर एकेकदाच. रुद्रटाचा श्लोक पाहिला तर त्यात नेमकी चारच अक्षरे आहेत: ‘से’, ‘ले’, ‘ना’ आणि ‘ली’. पहिली दोन एकेकदा, पुढची दोन पंधरा-पंधरा वेळा. चारही गुरू असल्यामुळे वृत्ताने आपोआप विद्युन्मालेचे रूप घेतले आहे. श्लोक वाचताना जो ‘नालीलीना’चा घोष कानी पडतो तो कवीच्या लहरीचा नाही, मार्ग निवडला त्या क्षणीच तो ठरून गेला होता. हा मार्ग रुद्रटाने का निवडला असावा, याकडे शेवटी वळू.

आता गणिताच्या बाजूने पाहू. प्रत्येक घराऐवजी एक बिंदू काढावा आणि ज्या दोन घरांमध्ये घोड्याची एक चाल होते ते बिंदू रेषेने जोडावेत. अशा आकृतीला आलेख म्हणतात. घोड्याची फेरी म्हणजे या आलेखातील प्रत्येक बिंदूतून एकदाच जाणारा मार्ग. विल्यम रोवन हॅमिल्टन या आयरिश गणितज्ञाने १८५७ साली द्वादशफलकाच्या वीस शिरोबिंदूंतून असा फेरा काढण्याचा एक खेळ रचला. त्यावरून या मार्गाला हॅमिल्टन-मार्ग हे नाव पडले. नाव नंतरचे असले तरी घोड्याचा प्रश्न कितीतरी जुना आहे, आणि ऑयलरने १७५९ साली त्याचा पद्धतशीर विचार बर्लिनच्या अकादमीपुढे मांडला होता.

एखाद्या आलेखात हॅमिल्टन-मार्ग आहे की नाही, हे कोणत्याही आलेखाला लागू पडेल अशा रीतीने आणि झटपट सांगणारी पद्धत कोणालाही ठाऊक नाही. एक खात्रीचा उपाय आहे: एक पाऊल टाकावे, पुढचे टाकावे, कोंडी झाली की एक पाऊल मागे येऊन दुसरी वाट धरावी. हा उपाय अखेरीस यशस्वी होतोच, फक्त ती अखेर केव्हा येईल हे सांगता येत नाही. पूर्ण पटावर घोड्याला फेऱ्यांची वाण आहे म्हणून असे होते, असेही नाही. सुरुवातीच्या घराशी परत जुळणाऱ्या बंद फेऱ्याच १,३२,६७,३६,४४,१०,५३२ आहेत, म्हणजे तेरा लाख कोटींहून अधिक. ब्रेंडन मॅके यांनी १९९७ साली ही संख्या मोजली. पण आंधळेपणाने केलेल्या निवडींपुढे हा साठाही नगण्य ठरतो. चुकीच्या वाटा त्याहून कितीतरी पटींनी जास्त आहेत आणि चूक झाल्याचे कळते ते बहुधा फार उशिरा.

म्हणून ठोकताळ्याची गरज पडते. वार्न्सडॉर्फ नावाच्या जर्मन लेखकाने १८२३ साली श्माल्काल्डेन येथे एक पुस्तिका प्रसिद्ध केली. घोड्याच्या फेरीचा सर्वांत सोपा आणि सर्वांत व्यापक उलगडा, असा दावा तिच्या नावातच होता. नियम एका वाक्याचा आहे: घोडा जेथे जाऊ शकतो अशा प्रत्येक मोकळ्या घरातून पुढे जाण्यास किती मोकळी घरे उरतात ते मोजावे, आणि ज्या घराच्या पुढच्या वाटा सर्वांत कमी असतील तेथे जावे.

प्रथम ऐकताना हा सल्ला उलटा वाटतो. प्रवाशाने अशा ठिकाणी जावे की जेथून पुढे पुष्कळ रस्ते फुटतात, असे आपली व्यवहारबुद्धी सांगते. परंतु येथे प्रवास लांबविणे हा हेतू नसून कोणतेही घर मागे राहू नये हा आहे. ज्या घराला आठ वाटा आहेत त्याच्याकडे आज गेलो नाही तरी उद्या जाता येईल. ज्याला दोनच उरल्या आहेत त्याची स्थिती मात्र नाजूक असते: त्यांतली एक आणखी बंद झाली की त्या घरात शिरता येईल पण निघता येणार नाही, आणि दुसरीही गेली की ते घर कायमचे तुटले. वार्न्सडॉर्फचा नियम म्हणजे अडचणीत असलेल्याला आधी गाठणे. पटाच्या कोपऱ्यांतली आणि काठांवरची घरे त्यामुळे लवकर निकालात निघतात आणि मध्यभागातली ऐसपैस घरे शेवटासाठी राखली जातात.

हा नियम रुद्रटाच्या पटावर चालवून पाहू. आरंभ त्याच्याप्रमाणेच पहिल्या घरातून. तेथून दोनच चाली आहेत: घर ११ आणि घर १८. घर ११ पासून पुढे ५, १७, २१, २६ व २८ अशा पाच वाटा. घर १८ पासून ३, १२ व २८ अशा तीन. नियम सांगतो, १८ घ्या. (रुद्रटाचा घोडा येथेच ११ वर जातो. त्याची रीत वार्न्सडॉर्फची नव्हती हे एवढ्यावरून स्पष्ट होते.)

घर १८ पासून ३, १२, २८ ही मोकळी आहेत. त्यांच्या पुढच्या वाटा अनुक्रमे तीन, पाच, तीन. येथे ३ आणि २८ यांची बरोबरी झाली. बरोबरीत काय करावे याविषयी नियम मौन आहे. आपण तूर्त असे ठरवू की बरोबरी झाल्यास लहान क्रमांकाचे घर घ्यायचे. म्हणून ३. तेथून ९, कारण त्याच्या वाटा दोन आणि इतर दोघांच्या पाच-पाच. ९ पासून २६. २६ पासून ११ व २० यांची चार-चार अशी बरोबरी, म्हणून ११. सहा पावले झाली: १, १८, ३, ९, २६, ११.

आता घर ११ पासून चार घरे मोकळी आहेत: ५, १७, २१, २८. पुढच्या वाटा तीन, दोन, पाच, दोन. पुन्हा बरोबरी, १७ आणि २८ यांच्यात. आपल्या संकेताप्रमाणे १७ घेतले. पुढे २, १२, २७, १०. आणि मग कोपऱ्यातले २५, ज्याला एकच वाट उरली होती. तेथून १९, ४, २१, ६, १६, ३१, १४, ८, २३. प्रत्येक पावलाला नियम पाळला आहे, बरोबरीत संकेत पाळला आहे, आणि कागदावर हे करीत बसलेल्या माणसाला सारे काही उत्तम चालले आहे असेच वाटत असते. एकविसाव्या पावलाला घोडा घर २३ मध्ये आहे. तेथून १३ आणि २९ ही दोन मोकळी. १३ च्या पुढे तीन वाटा, २९ च्या पुढे एकही नाही. नियमाचे अक्षर पाळायचे तर शून्य सर्वांत कमी. बाविसावे पाऊल २९ वर पडते आणि घोडा थांबतो. दहा घरे उरली आहेत.

येथे सवयीने कोणीही म्हणेल की शेवटची निवड चुकली, २९ ऐवजी १३ घ्यायला हवे होते. तसे केले तर २९ चा शेवटचा शेजारी निसटतो आणि ते घर कायमचे वगळले जाते. मग त्याआधीची बरोबरी तपासावी: घर १४ वर असताना ८ आणि २९ यांना एकेकच वाट उरली होती, आणि दोघांचीही वाट २३ मधून. कोणतेही आधी घ्या, दुसरे २३ च्या पाठोपाठ येऊन कोंडी करणार. आणखी मागे जाऊन घर १९ वरील बरोबरी सोडवावी, ४ ऐवजी २९ घ्यावे. मीही तो मार्ग पूर्ण चालवला आहे: त्यात घोडा घर ३१ वर अडकतो, आणि तोही नेमका बाविसाव्या पावलाला.

दोन वेगळ्या वाटांनी गेलेला घोडा दोनदा बाविसाव्या पावलालाच थांबावा, हा योगायोग वाटत नाही. उरलेली दहा घरे पाहिली तर संशय बळावतो. ती दोन्ही वेळा तीच आहेत: ५, ७, १३, १५, २०, २२, २४, २८, ३०, ३२. यांत काही कूळ-गोत्र आहे काय?

आहे, आणि ते शोधण्यासाठी पटाकडे दोन रीतींनी पाहावे लागते. पहिली रीत ओळींची. पहिली आणि चौथी ओळ काठाची; दुसरी आणि तिसरी आतली. चारच ओळी असल्यामुळे काठाच्या घरातून घोडा काठाच्या घरात कधीच जाऊ शकत नाही. त्याला आतच यावे लागते. आतल्या घरातून मात्र तो काठावर जातो किंवा दुसऱ्या आतल्या घरात. दुसरी रीत रंगांची. घोड्याची प्रत्येक चाल रंग बदलते, हे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

आता घर १ चा जो रंग आहे त्या रंगाची काठावरची आठ घरे आणि त्याच्या विरुद्ध रंगाची आतली आठ घरे यांचे एक कूळ मानू: १, ३, ५, ७, २६, २८, ३०, ३२ ही काठावरची, ९, ११, १३, १५, १८, २०, २२, २४ ही आतली. उरलेल्या सोळांचे दुसरे कूळ. काठ आणि आत यांच्यामधली कोणतीही चाल घ्या: ओळीचा प्रकार बदलतो आणि रंगही बदलतो, म्हणून कूळ तेच राहते. आतून आत जाणारी चाल घेतली तर रंग बदलतो पण ओळीचा प्रकार बदलत नाही, म्हणून कूळ पालटते. एका कुळातून दुसऱ्यात जाण्याचा मार्ग हा एवढाच.

अशी आतून आत जाणारी चाल फेरीत किती वेळा घेता येईल? काठाची घरे सोळा आहेत आणि त्यांतली कोणतीही दोन लागोपाठ येऊ शकत नाहीत. म्हणजे त्यांच्यामधल्या पंधरा फटींत किमान एकेक आतले घर हवे. आतली घरेही सोळाच. पंधरा फटींत पंधरा गेली, एक शिल्लक राहिले. ते फेरीच्या आरंभी किंवा शेवटी ठेवले तर आतून आत जाणारी चाल एकदाही येणार नाही आणि घोडा एकाच कुळात अडकून राहील. म्हणून ते एखाद्या फटीतच दुसरे म्हणून बसले पाहिजे. निष्कर्ष असा की, या पटावरील प्रत्येक फेरी काठावर सुरू होते, काठावर संपते, आणि तिच्यात कुळांतर एकदाच होते. एकदाच व्हायचे असेल तर पहिले कूळ संपूर्ण फिरून झाल्यावरच झाले पाहिजे: सोळाव्या पावलावरून सतराव्यावर जाताना. ना आधी, ना नंतर.

आता आपला अडकलेला घोडा पुन्हा पाहावा. सहावे पाऊल घर ११, सातवे घर १७, दोन्ही आतली. कुळांतर सहाव्या पावलानंतरच झाले. त्या क्षणी फेरी बुडाली. पुढे घोड्याने दुसऱ्या कुळातली सोळा घरे अगदी निगुतीने संपवली, सहा आणि सोळा मिळून बावीस झाली, आणि पहिल्या कुळाची दहा घरे मागे राहिली. सातव्या पावलाला झालेला घोटाळा बाविसाव्या पावलाला उघडकीस आला. मधली चौदा पावले निर्दोष आणि निरर्थक होती. कोंडीपासून एकेक पाऊल मागे येणाऱ्याने या सोळा घरांतल्या सर्व उलटसुलट क्रमांची धूळ चाळावी तेव्हा कुठे तो घर ११ वर पोचेल. ठोकताळा चालवताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे की, घोडा जेथे अडतो ते ठिकाण आणि जेथे चुकतो ते ठिकाण यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही.

बरोबरी सोडविण्याचे काही शहाणे उपाय सुचविले गेले आहेत. आयरा पोल यांनी १९६७ साली मांडलेला उपाय असा: बरोबरीतल्या प्रत्येक घरापुढची घरे पाहावीत, त्यांच्या पुढच्या वाटांची बेरीज करावी, आणि बेरीज ज्याची कमी ते घर घ्यावे. म्हणजे तोच नियम एक पायरी खोल लावायचा. संशोधनात या उपायाचा बराच उल्लेख होतो आणि मोठ्या पटांवर त्याने मूळ नियमाची बाजू सावरली आहे. आपल्या पटावर तो काय सांगतो? आधीच्या दोन्ही बरोबऱ्या तो आपल्यासारख्याच सोडवतो (बेरजा १२ विरुद्ध १४, दोन्ही वेळा), म्हणून घोडा घर ११ वर पोचतोच. तेथे १७ च्या पुढची घरे २ आणि २७; त्यांच्या वाटा दोन अधिक तीन, पाच. २८ च्या पुढची घरे १३ आणि २२. चार अधिक पाच, नऊ. पोल यांचा उपाय ठामपणे १७ निवडतो. येथे खोल पाहिल्याने चूक टळत नाही, ती पक्की होते. याचे कारण उघड आहे. मोजणी एका पायरीची असो की दोन पायऱ्यांची, ती घोड्याच्या आसपासची घरे मोजते. कूळ ही संपूर्ण पटाची गोष्ट आहे आणि ती कोणत्याही एका घराच्या शेजारपाजारी लिहिलेली नसते. घोडा आतल्या ओळीतून निघाला तर फेरी मुळीच शक्य नाही, हेही आपण आता जाणतो. वार्न्सडॉर्फचा नियम मात्र तेथूनही पहिले पाऊल तितक्याच आत्मविश्वासाने टाकील.

म्हणून घर ११ वरील बरोबरीत आपण कुळाचा विचार करून २८ घेऊ. इतकाच बदल; पुढच्या बरोबऱ्यांत पुन्हा लहान क्रमांकाचा जुनाच संकेत. २८ पासून १३, ७, २४, ३०. तेथे १५ आणि २० यांची बरोबरी, म्हणून १५. मग कोपऱ्यातले ३२, त्यापुढे २२, ५, २०. ही सोळा पावले झाली आणि पहिले कूळ संपले, तेही नियमाला कुळाची आठवण पुन्हा करून न देता. २० पासून दोन्ही वाटा आतल्याच आहेत: १० आणि १४. नियम १० सांगतो. पुढे २५, १९, २, १७, २७, १२, २९, २३, ८, १४, ४, २१, ६, १६ आणि शेवटी ३१. बत्तीस.

१   २०   ३   २८   १५   ३०   ९   २६
४   १७   ६   २३   ८   २७   १२   ३१
२१   २   १९   १६   २९   १४   २५   १०
१८   ५   २२   ७   २४   ११   ३२   १३

एका ठिकाणी योग्य इशारा मिळाला आणि बाकीची फेरी या साध्या मोजणीने मागे न फिरता पुरी केली, हे श्रेय वार्न्सडॉर्फला दिलेच पाहिजे. त्याचा नियम म्हणजे सिद्धांत नव्हे, ‘सर्वांत व्यापक’ हा दावाही टिकणारा नव्हे. परंतु जेथे अंध शोध थकून जातो तेथे तो माणसाला पेन्सिलीने पूर्ण पट फिरवू देतो. पटाचे गणित हाताशी असेल तर शोधाचीही गरज उरत नाही: जर्मन संशोधकांच्या एका गटाने १९९४ साली दाखवून दिले की मोठ्या चौरस पटाचे योग्य तुकडे पाडून, तुकड्यांतल्या तयार फेऱ्या जोडून, जितकी घरे तितक्याच प्रमाणात श्रम करून फेरी उभारता येते. कुळांचा युक्तिवाद हा त्याच जातीचा आहे. तो चार ओळींच्या पटापुरताच आहे. आठ ओळींच्या पटावर आतल्या घरांना आणखी आतली घरे मिळतात आणि काठाची ही जबरदस्ती सैल पडते. पूर्ण पटावर वार्न्सडॉर्फ सहसा यशस्वी होतो आणि अर्ध्या पटावर ठेचकाळतो, त्याचे एक कारण हे.

रुद्रटाच्या पटाकडे परत यावे. त्याचे सोळावे पाऊल घर ९ आणि सतरावे घर १९, दोन्ही आतली. कुळांतर बरोबर मध्यावर, म्हणजे श्लोकाच्या भाषेत पूर्वार्ध संपून उत्तरार्ध सुरू होताना. येथे रसिकाने कवीच्या कौशल्याचे कौतुक करण्याचा मोह आवरावा, कारण ते अन्यथा होणे शक्यच नव्हते: या पटावर जो जो तुरगपदबंध रचला जाईल त्या प्रत्येकाच्या घोड्याला श्लोकार्धावरच कूळ ओलांडावे लागेल. कवीची निवड दिसते ती दुसरीकडे. वार्न्सडॉर्फच्या नियमाने आपल्याला मिळालेल्या मार्गाच्या साखळ्या मोजल्या तर त्या आठ भरतात: पहिले, तिसरे आणि एकोणिसावे ही घरे स्वतंत्र, चौदा घरांची एक साखळी, पाचांची एक, चारांची एक आणि तिनांच्या दोन. म्हणजे या मार्गावर श्लोक रचणाऱ्याला आठ भिन्न अक्षरे मिळतात, रुद्रटाच्या दुप्पट. केवळ शब्दांची सोय पाहायची तर हा मार्ग कितीतरी बरा. पण त्याचा शेवट घर ३१ मध्ये होतो, आणि तेथून खालच्या अर्ध्या पटाच्या कोणत्याही कोपऱ्यात घोड्याला एका चालीत जाता येत नाही. रुद्रटाचा घोडा थांबतो घर २७ मध्ये, चौथ्या ओळीतील तिसऱ्या घरात. तेथून एक चाल, आणि तो खालच्या अर्ध्या पटाच्या पहिल्या घरी उभा असतो. तोच श्लोक त्याच चालीने पुन्हा वाचावा, की चौसष्ट घरे पुरी होतात.